मदत हवी आहे: टोकनची मुदत संपली आणि अहवाल तीन महिने 'आवक ०' सांगत राहिला

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. नाशिकमधल्या एका लहान द्राक्ष निर्यात कंपनीत मी संगणकाची सगळी कामे एकटा पाहतो. पॅकहाउस दिंडोरी तालुक्यात आहे आणि कार्यालय गंगापूर रोडला. रोज पहाटे साडेपाचला एक क्रॉन जॉब शीतगृहाच्या सॉफ्टवेअरकडून आदल्या दिवसाची आवक किलोमध्ये मागवतो आणि सहाच्या आत तो आकडा मालकांच्या व पॅकहाउसच्या पर्यवेक्षकांच्या मेलवर जातो.

या सॉफ्टवेअरच्या एपीआयचे टोकन एक वर्ष चालते. ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपले, पण विक्रेत्याकडून काहीही सूचना आली नाही. अहवाल मात्र रोज वेळेवर जात राहिला आणि त्यात 'आवक ० किलो' असे छापलेले असे. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे छाटणी चालू असते, माल कुठून येणार? त्यामुळे शून्य पाहून कोणालाच काही वावगे वाटले नाही. जानेवारीत पहिला माल उतरला, तेव्हा पर्यवेक्षकांनी फोन करून विचारले, "अहो, काल अकरा टन माल आत घेतला, तुमच्या कागदावर शून्य कसं?" तोवर तीन महिने उलटले होते. मूळ ओळ अशी होती:

```
curl -s -H "Authorization: Bearer $TOKEN" "$URL" | jq '.total_kg // 0' > aavak.txt
```

आता आमच्याकडे अशा तीन गोष्टी आहेत: हे टोकन, गुगल शीटमध्ये माहिती भरणाऱ्या जॉबचे रिफ्रेश टोकन, आणि युरोपातल्या एका खरेदीदाराच्या सर्व्हरला जोडले जाण्यासाठी त्यांनी दिलेले क्लायंट सर्टिफिकेट. या तिन्हींवर नजर ठेवण्याची अशी पद्धत हवी आहे, की मुदत संपण्याआधी कळावे आणि आधी कळले नाही तर निदान त्याच दिवशी कळावे. मोठी मॉनिटरिंग यंत्रणा विकत घेण्याइतके काम आमच्याकडे नाही.

निफाडचा_पाहुणा

मी हा त्रास कॅलेंडरवर सोपवला आहे. प्रत्येक टोकन घेताना त्याच्या मुदतीच्या तीस दिवस आधीची नोंद मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकायची, बस. गुगलच्या रिफ्रेश टोकनची काळजी करू नका, ते कधीच संपत नाही. आणि सर्टिफिकेटसाठी लेट्स एन्क्रिप्टचे आपोआप नूतनीकरण लावून टाका, म्हणजे तोही प्रश्न कायमचा मिटेल.

सिडकोतला_हिशेबनीस

आमच्या कार्यालयात जीएसटीचे विवरणपत्र भरताना नेमके हेच झाले. भागीदारांच्या डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लावले, पासवर्ड बरोबर दिला, तरी सही होईना. शेवटी कळले, की सर्टिफिकेटची मुदत आदल्याच आठवड्यात संपली होती. नवे काढण्यासाठी व्हिडिओवर ओळख पटवावी लागते आणि भागीदार तेव्हा गावी होते. तेव्हापासून मी टोकनच्या पाठीवरच चिकटपट्टी लावून तारीख लिहून ठेवतो. आपणही तसे करून पाहावे.

गोदाकाठ

हिशेबनीस साहेब, आभार. माझ्या प्रश्नातले टोकन म्हणजे हातात धरता येणारी वस्तू नव्हे, स्क्रिप्ट सर्व्हरकडे पाठवते ती अक्षरांची माळ आहे. त्यामुळे चिकटपट्टी लावायला पाठच नाही. पण तारीख कुठेतरी लिहिलेली असावी, हा आपला मुद्दा मात्र खरा आहे.

पहाटेची_पाळी

मुदत संपल्यामुळे जॉब बंद पडला असता तर तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळले असते. इथे तो बंद पडलाच नाही, म्हणून आधी ती ओळ पाहू आणि मुदतीकडे मग वळू. टोकन संपल्यावर सर्व्हरने बहुधा ४०१ हा स्थितिक्रमांक आणि चूक कळवणारा संदेश असलेले छोटे जेसन पाठवले असणार. `curl` ला `--fail` सांगितले नसेल तर त्याच्या दृष्टीने उत्तर मिळाले म्हणजे काम झाले, आणि तो यशाचाच कोड परत देतो. त्या जेसनमध्ये `total_kg` नव्हते, आणि तुम्ही `// 0` लिहून ठेवले होते, म्हणजे 'काही सापडले नाही तर शून्य धर'. टोकन मेल्याची बातमी तिथे शून्य किलो होऊन बाहेर पडली. अहवालाच्या स्क्रिप्टमध्ये गैरहजर आकड्याच्या जागी शून्य बसवणे ही मला सगळ्यांत महाग पडणारी सवय वाटते.

```
#!/bin/bash
set -euo pipefail
curl -sS --fail -H "Authorization: Bearer $TOKEN" "$URL" | jq -e '.total_kg' > aavak.tmp
mv aavak.tmp aavak.txt
```

यात `--fail` मुळे ४०१ आल्यावर `curl` अपयशाचा कोड देतो आणि `pipefail` मुळे ते अपयश पुढच्या `jq` च्या यशाखाली झाकले जात नाही. `jq -e` खरा शून्य आकडा चालवून घेतो, पण आकडाच नसेल तर थांबतो, त्यामुळे छाटणीच्या दिवसांतला खरा शून्य आणि टोकन मेल्याचा खोटा शून्य वेगळे होतात. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचे कारण असे, की `>` हे चिन्ह आज्ञा चालण्याआधीच फाइल रिकामी करते. ही ओळ थेट क्रॉनटॅबमध्ये लिहू नका, कारण तिथे सहसा साधे `sh` चालते आणि त्याला `pipefail` कळेलच असे नाही.

आता निफाडच्या पाहुण्यांचे म्हणणे. कॅलेंडरची नोंद वाईट नाही, पण ती एका माणसाच्या मोबाइलमध्ये असते आणि तो माणूस नोकरी सोडतो. गुगलचे रिफ्रेश टोकन कधीच संपत नाही, हे मात्र चुकीचे आहे. प्रकल्पाची संमती स्क्रीन बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी असून तिची स्थिती 'टेस्टिंग' असेल तर टोकन सात दिवसांत संपते. आणि सलग सहा महिने वापरलेच नाही तरीही ते रद्द होते. गोदाकाठ, तुमचा शीटचा जॉब वर्षभर चालतो की फक्त हंगामात?

गोदाकाठ

फक्त हंगामात. एप्रिलअखेर मी तो थांबवतो आणि जानेवारीत पुन्हा सुरू करतो. मधे आठ महिने जातात. गेल्या जानेवारीत तो `invalid_grant` म्हणत थांबला होता आणि मी काही विचार न करता नव्याने लॉगिन करून पुढे गेलो होतो. आता त्याचे कारण कळले.

पहाटेची_पाळी

म्हणजे तुमचा धंदाच हंगामी असल्याने दोन्ही टोकने सुट्टीच्या काळात मरतात आणि गर्दीच्या पहिल्या दिवशी कळतात. यावर उपाय हा, की अहवालाचा जॉब आणि टोकनची तपासणी वेगळी करावी. प्रत्येक टोकन घेऊन वर्षभर रोज एक हलकी विनंती करायची, जिने माहिती बदलत नाही आणि फारसा भारही पडत नाही. गुगलच्या बाबतीत रिफ्रेश टोकन देऊन नवे ॲक्सेस टोकन मागितले तरी पुरते. त्यामुळे ते वापरात राहते, सहा महिन्यांचा नियम लागू होत नाही, आणि कोणी मधेच टोकन रद्द केले तर तेही त्याच दिवशी उघड होते. तारखांच्या वहीला हे शेवटचे कधीच कळणार नाही.

पण अशी तपासणी मरणाच्या दिवशीच बोलते. आधी कळायला तारीख लागते आणि ती कुठून मिळते, हे वस्तूप्रमाणे बदलते. सर्टिफिकेटच्या पोटातच तारीख असते, म्हणून ते सोपे. २५९२००० हे तीस दिवसांचे सेकंद आहेत:

```
openssl x509 -in client.pem -noout -checkend 2592000 || echo "client.pem: ३० दिवसांत मुदत"
```

एका फाइलमध्ये अनेक सर्टिफिकेटे असतील तर ही आज्ञा फक्त पहिले पाहते, हे लक्षात ठेवा. टोकन जेडब्ल्यूटी प्रकारचे असेल तर त्याच्या मधल्या भागात बहुतेक वेळा `exp` असते आणि ते वाचून तारीख काढता येते. तुमच्या शीतगृहाचे टोकन नुसती अक्षरमाळ असेल तर ते स्वतःबद्दल काही सांगणार नाही. मग ते घेतल्याच्या दिवशीच तारीख एका मजकूर फाइलमध्ये लिहायची आणि स्क्रिप्टने ती रोज वाचायची.

निफाडचा_पाहुणा

गुगलबद्दलची चूक मान्य. पण लेट्स एन्क्रिप्टबद्दल मी ठाम आहे. आमच्या सर्व्हरवर ते दोन वर्षे हात न लावता चालू आहे.

पहाटेची_पाळी

तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळासाठी ते योग्यच आहे. गोदाकाठ यांचे क्लायंट सर्टिफिकेट खरेदीदाराच्या खासगी व्यवस्थेने दिलेले आहे, तिथे लेट्स एन्क्रिप्टचे चालणार नाही. नवे त्यांच्याकडूनच घ्यावे लागेल. आणि आपोआप नूतनीकरणातही एक फट राहते. आमच्याकडे डिस्कवरची फाइल नवी झाली होती, पण वेब सर्व्हर रीलोड झाला नव्हता, म्हणून तो स्मरणातले जुनेच सर्टिफिकेट दाखवत राहिला. फाइल तपासणारी स्क्रिप्ट रोज 'ठीक' म्हणत होती. म्हणून सर्व्हरच्या बाबतीत फाइलला न विचारता चालू दारालाच विचारावे:

```
openssl s_client -connect "$HOST:443" -servername "$HOST" </dev/null 2>/dev/null | openssl x509 -noout -enddate
```

कॅलेंडरवर भिस्त ठेवणाऱ्यांना आणखी एक अडचण येणार आहे. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस अशी कमी करण्याचे ठरले आहे. दीड महिन्याला हाताने नोंद कोण करत बसेल?

सिडकोतला_हिशेबनीस

मला एक शंका आहे. हा इशारा मेलवर येणार ना? मग मेलचाच पासवर्ड संपला तर?

पहाटेची_पाळी

हा या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. इशारा देणारा त्याच सर्व्हरवर, त्याच मेलखात्यातून बोलत असेल तर तोही गप्प होईल. म्हणून बाहेरच्या एखाद्या सेवेला, उदाहरणार्थ हेल्थचेक्स डॉट आयओ, जॉबने काम पूर्ण झाल्यावर एक छोटी हाक द्यावी. ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर ती सेवा स्वतःहून कळवते. हाकेची ओळ स्क्रिप्टच्या अगदी शेवटी लिहा. सुरुवातीला लिहिली तर ती फक्त जॉब सुरू झाला एवढेच सांगेल.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी हे सगळे बसवले आणि मुद्दाम टोकनचे शेवटचे अक्षर बदलून पाहिले. स्क्रिप्ट `curl: (22)` म्हणून थांबली, जुनी `aavak.txt` जशीच्या तशी राहिली, आणि ठरवलेली अर्ध्या तासाची सवलत उलटल्यावर बाहेरच्या सेवेचा संदेश माझ्या मोबाइलवर आला. खरेदीदाराच्या सर्टिफिकेटला मात्र सव्वीसच दिवस उरल्याचे त्याच तपासणीत उघड झाले, म्हणून आज सकाळीच त्यांना पत्र पाठवले.

एक प्रश्न अजून बाकी आहे. शीतगृहाच्या पोर्टलवर नवे टोकन काढले की जुने त्याच क्षणी रद्द होते, दोन्ही एकत्र चालत नाहीत. तेच टोकन वजनकाट्यावरचा संगणकही वापरतो, आणि हंगामात तो रात्री बारापर्यंत चालू असतो. दोन ठिकाणी एकाच वेळी टोकन बदलण्याचा काही मार्ग कोणी वापरला आहे का?

पहाटेची_पाळी

विक्रेत्याकडे वजनकाट्यासाठी वेगळे खाते मागून पाहा. ते देत नसतील तर मलाही रात्री साडेबारा ते पहाटे साडेपाच या वेळेशिवाय दुसरा मार्ग दिसत नाही.