एका फुलीसाठी सरांना पत्र: नम्रता की आगाऊपणा?

निवृत्त_मास्तर
ओळखीतल्या एका शाळकरी मुलीनं विज्ञानाच्या सरांना लिहिलेलं पत्र तिच्या वडिलांनी मला मोठ्या कौतुकानं दाखवलं. मला काही कौतुक वाटलं नाही. एका गुणासाठी सरांना त्यांचाच विषय शिकवायचा? वडिलांना विचारून, नाव काढून पत्र खाली देतोय. तुम्हीच सांगा, ही नम्रता की नम्रतेच्या वेष्टनातला आगाऊपणा?

> आदरणीय सर,
>
> सादर नमस्कार. काल मिळालेल्या उत्तरपत्रिकेतल्या प्रश्न 4 (आ) बद्दल लिहीत आहे. प्रश्न असा होता: 'सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचा वेग व त्वरण किती?' मी वेग 0 आणि त्वरण 9.8 मी/से², खालच्या दिशेने, असे लिहिले आहे. वेगाला 1 गुण मिळाला. त्वरणावर फुली असून शेजारी आपण 0 लिहिले आहे.
>
> माझा विचार असा होता. त्वरण म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. त्या बिंदूवर वेग शून्य असला तरी तो बदलत असतो, कारण लगेच चेंडू खाली येऊ लागतो. तिथे त्वरणही शून्य असते, तर वेग शून्यच राहिला असता आणि चेंडू वरच राहिला असता.
>
> माझ्या विचारात चूक असल्यास ती कुठे आहे ते कृपया दाखवावे. चूक नसल्यास या एका उत्तराचा पुनर्विचार व्हावा, ही विनंती. उत्तरपत्रिका सोबत जोडली आहे. मिळाल्यानंतर मी तिच्यात काहीही लिहिलेले नाही.
>
> आपली विद्यार्थिनी

लालशाई
मास्तर, मीही तुमच्याच पेशातली. बावीस वर्षं पेपर तपासतेय, आत्ताही समोर गठ्ठा आहे, आणि तो बाजूला सारून लिहितेय यावरून काय ते समजा.

आगाऊपणा कुठे आहे ते वाक्य दाखवा. मी पत्र दोनदा वाचलं. 'तुमचं चुकलं' कुठेही नाही. 'गुण वाढवून द्या' नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'अमकीला याच उत्तराला गुण दिलेत' हे नाही. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये हे वाक्य हमखास असतं. ते वाचलं की माझा हात त्या अमकीचा गुण कापायला शिवशिवतो. मूळ उत्तर तपासायचं राहतं बाजूला, आणि दोन मैत्रिणींचं भांडण लागतं ते वेगळंच.

या पोरीनं काय केलंय बघा. प्रश्न जसाच्या तसा उतरवला, स्वतःचं उत्तर उतरवलं, फुली नेमकी कशावर आहे ते सांगितलं. साठ पेपर तपासल्यावर मला कोणाचा कुठला प्रश्न आठवत नाही हो. 'सर, माझं चौथं बरोबर होतं' असं कोणी म्हणालं की आधी प्रश्नपत्रिका शोधा, मग तिचा पेपर, मग चौथ्यातलं नेमकं काय ते विचारा. तोवर घंटा होते. हे पत्र स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या वाचून निकाल देता येतो.

आणि तो 'वरच राहिला असता'चा मुद्दा! तिनं सरांचं उत्तर खोडलं नाही. ते खरं धरलं आणि पुढे काय होतं ते दाखवलं. समोरच्याला 'तू चुकलास' न म्हणता त्याच्याच डोक्यात शंका पेरायची याहून सभ्य रीत मला तरी माहीत नाही.

शेवटची ओळ तुम्हाला खटकली असेल. मला तीच आवडली. घरी नेलेल्या पेपरात मागाहून ओळ घुसडून 'बाई, हे तपासायचं राहिलं' म्हणणारे मी पाहिलेत. तेव्हापासून तपासतानाच कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारते. तिला हे कसं सुचलं कोण जाणे.

बाकी तुम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे टाळलीत. तिचं उत्तर बरोबर आहे की चूक?

निवृत्त_मास्तर
मुद्दा वृत्तीचा आहे, उत्तराचा नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे चेंडूचं मला विचारू नका. तरीपण थांबलेल्या वस्तूला त्वरण कसलं? एवढं आम्हालाही कळतं.

सहीसाठी_अर्ज
फेरतपासणी अशी पत्र लिहून होत नसते. परीक्षा मंडळाकडे मुदतीत रीतसर अर्ज करावा लागतो, शुल्क भरावं लागतं. आमच्या भाच्याच्या वेळी सगळं केलं, तर फक्त बेरीज तपासली आणि 'बदल नाही' म्हणून कळवलं.

लालशाई
अहो, ही शाळेतली चाचणी आहे. पेपर मुलीच्या हातात आहे, सर रोज भेटतात. आणि बेरीज तर बरोबरच आहे, फुलीबद्दल वाद आहे.

तर्कटराव
मास्तरांशी सहमत. चेंडू वर जाऊन थांबतो. थांबला म्हणजे त्यावरची बलं संतुलित. न्यूटनचा पहिला नियम. निव्वळ बल शून्य, म्हणून त्वरण शून्य. सरांनी योग्य तेच लिहिलंय. पत्र गोड आहे म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही.

कोनमापक
संतुलित? वजन खाली ओढतंय. त्याला तोलणारं दुसरं बल त्या जागी कोणतं, तेवढं सांगा. हात तर केव्हाच खाली राहिला.

हिशोबच हवा असेल तर सोपा आकडा धरू. त्वरण 10, चेंडू 20 मी/से वेगानं वर सोडला. दर सेकंदाला वेग 10 ने घटतो, म्हणजे 2 सेकंदांनी वेग 0, तेच टोक. आता टोकाच्या अलीकडे-पलीकडे बघा. 1.9 सेकंदाला वेग वरच्या दिशेला 1, आणि 2.1 ला खालच्या दिशेला 1. 0.2 सेकंदात वेग 2 ने बदलला. भागा. 10 आले. अजून जवळ जा, 1.99 ते 2.01. 0.02 सेकंदात 0.2 ने बदलला. परत 10. कितीही जवळ गेलात तरी 10 च. मध्येच शून्य कुठून आणताय?

तुमच्या वाक्यात 'थांबतो' हा शब्द घोळ घालतोय. टेबलावरचा चेंडू थांबलेला असतो. वरचा चेंडू फक्त वळत असतो.

तर्कटराव
बरं, घटकाभर मानलं. पण हवा विसरलात. हवेचा रोध धरला की त्वरण 9.8 राहतच नाही. म्हणजे मुलीचंही चूक. दोघांनाही भोपळा.

कोनमापक
वा, हा प्रश्न मात्र आवडला. हवेचा रोध वेगावर अवलंबून असतो आणि गतीच्या उलट दिशेला असतो. वर जाताना रोधही खालीच ओढतो, म्हणून त्वरण 9.8 हून जास्त. खाली येताना रोध वर ढकलतो, म्हणून कमी. आणि टोकाला वेग शून्य, म्हणजे रोधही शून्य. अख्ख्या प्रवासात 9.8 छातीठोकपणे लिहिता येईल अशी ती एकच जागा, आणि सरांनी फुली नेमकी तिथे मारली.

तर्कटराव
चेंडू तिरका फेकला तर?

कोनमापक
तर टोकालाही आडवा वेग उरतो, म्हणून रोधही उरतो. पण प्रश्नात 'सरळ वर' आहे. मुलीनं प्रश्न मुद्दाम उतरवलाय, तो वाचा.

तर्कटराव
आणि वारा असेल तर?

कोनमापक
तर तुम्ही जिंकलात. खूश?

मधलं_बाक
तुमचा चेंडू खाली आला असेल तर एक सांगतो. आठवीत गणिताच्या बाईंनी माझं उदाहरण चूक दिलं. उत्तर बरोबर होतं, रीत वेगळी होती. मी पत्रबित्र लिहिलं नाही. भर वर्गात उभा राहून म्हणालो, 'बाई, फळ्यावर करून दाखवू?' दाखवलं. बाईंनी गुण दिला. पुढचं वर्षभर मी हात वर केला की त्यांना दिसायचा नाही. पत्रात काय लिहिलं त्याहून ते चाळीस पोरांसमोर नाही, हे जास्त महत्त्वाचं. ही मुलगी माझ्याहून शहाणी आहे.

निवृत्त_मास्तर
म्हणजे बाईंचंच चुकलं, तुमचं नाही!

मधलं_बाक
रीत माझीच बरोबर होती, मास्तर. तोंड चुकलं, मान्य.

दोन_पोरांची_आई
मला भौतिकशास्त्र कळत नाही, एक व्यवहाराचं विचारते. सरांच्या उत्तरसूचीतच 0 असेल, तर वर्गात ज्यांनी 0 लिहिलं त्यांना गुण मिळालेत. आता हिला दिला तर त्यांचं काय? आणि जी गप्प बसली, पण जिनं 9.8 लिहिलं होतं, तिचं काय?

लालशाई
खरा काटा हाच आहे, आणि पत्र कितीही चांगलं असलं तरी तो निघत नाही. हाताची चूक असती तर एका पेपरावर निस्तरली असती. शेजारी 0 लिहिलंय म्हणजे चूक सूचीतली दिसते. मग सगळा गठ्ठा परत मागवायचा. माझ्याकडून एकदा असं झालं होतं. 9.8 वाल्यांना जसा द्यायला हवा तसा मी बरोबरवाल्यांना गुण दिला आणि चुकीचं लिहिणाऱ्यांचा काढून घेतला नाही, कारण चूक माझी होती. म्हणूनच तिच्या पत्रातलं 'या एका उत्तराचा' मला थोडं तोकडं वाटलं. पण ते तिनं का लिहावं, ते सरांनी ओळखावं.

निवृत्त_मास्तर
चूक उत्तराचा गुण तसाच ठेवलात? आणि वर न्यायाच्या गोष्टी!

लालशाई
दिलेला गुण काढून बघा एकदा. साठ पत्रं येतील, आणि ती इतकी नम्र नसतील.

कोनमापक
इथे मी मास्तरांच्या बाजूनं. दोन परस्परविरोधी उत्तरांना एकच गुण दिलात, तर पोरांनी पुढच्या परीक्षेला काय लिहायचं?

लालशाई
वर्गात समजावून सांगितलं होतं की. गुण आणि शिकवणं या दोन गोष्टी आहेत.

कोनमापक
पोरांना तसं वाटत नाही.

तर्कटराव
वाऱ्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. वारा असेल तर टोकालाही चेंडूभोवतीची हवा वाहत असते, म्हणजे रोध शून्य नाही.

कोनमापक
...बरोबर आहे तुमचं. रोध चेंडू आणि हवा यांच्यातल्या सापेक्ष वेगावर ठरतो. वाऱ्यात टोकाला 9.8 नेमकं येणार नाही. झालं समाधान? शून्य मात्र तरीही येत नाही.

तर्कटराव
शून्य येतं असं मी आता म्हणतच नाहीये.

निवृत्त_मास्तर
मुलीच्या वडिलांना आज विचारलं. सरांनी पत्र वाचलं, 'बघतो' म्हणाले आणि पेपर ठेवून घेतला. पुढे काही नाही. वृत्तीबद्दलचं माझं मत तेच आहे. बाकी पत्रात शुद्धलेखनाची चूक सापडली नाही. शोधली होती.