ब्रिटनमध्ये एमएससीनंतर: आधी ग्रॅज्युएट व्हिसा, की थेट स्किल्ड वर्कर?

मिरज_ते_लीड्स: मी लीड्समध्ये सिव्हिलचं एमएससी करतोय. कोर्स 18 सप्टेंबर 2026 ला संपतो, स्टुडंट व्हिसा जानेवारी 2027 पर्यंत आहे. एका कंपनीने 34,000 पौंडांची ऑफर दिली आहे. त्यांचा एचआर म्हणतो, "आधी ग्रॅज्युएट व्हिसावर ये, स्पॉन्सरशिपचं नंतर बघू." आग्रह धरला तर लगेच स्पॉन्सर करतील असं वाटतं. माझं मत थेट स्पॉन्सरशिप घेऊन स्किल्ड वर्कर व्हिसावर जावं असं आहे, पण घरचे म्हणतात की ग्रॅज्युएट व्हिसाची दोन वर्षांची मोकळीक का सोडतोस? ज्यांनी यातला एक रस्ता धरला आहे त्यांनी सांगा.

देवरुखकर: थेट जा. स्किल्ड वर्करला 2025 च्या जुलैपासून पगाराची अट 41,700 पौंडांची आहे. नव्याने शिकून बाहेर पडणाऱ्याला ती 33,400 वर येते, म्हणून तर तुझे 34,000 चालतात. पण ही सवलत एकूण चारच वर्षं, आणि ग्रॅज्युएट व्हिसाची वर्षं त्यातच धरतात. म्हणजे तू दोन वर्षं ग्रॅज्युएटवर काढलीस की सवलतीची दोन वर्षं फुकट गेली. सरळ हिशोब आहे.

शैला_बर्मिंगहॅम: देवरुखकर, नियम बरोबर सांगितलात, निष्कर्ष नाही. कॅलेंडर मांडून बघा. हा मुलगा 2026 च्या शेवटी ग्रॅज्युएटवर गेला आणि दोन वर्षांनी स्किल्ड वर्करवर, तर चार वर्षं 2030 च्या शेवटी संपतात. तो आत्ताच थेट गेला तरी 2030 च्या शेवटीच संपतात. दोन्ही वाटांनी त्याच दिवशी त्याला पूर्ण पगाराची अट लागू होणार. सवलतीचं म्हणाल तर काहीच फुकट जात नाही.

फरक पडतो तो दोन दुसऱ्या ठिकाणी. कायमच्या वास्तव्यासाठी स्किल्ड वर्करची पाच वर्षं मोजली जातात, त्यात ग्रॅज्युएट व्हिसाचा एक दिवसही धरत नाहीत. म्हणून थेट जाणाऱ्याचं घड्याळ दोन वर्षं आधी सुरू होतं. दुसरा फरक कंपनीच्या खिशाला बसतो. परदेशी माणूस स्पॉन्सर करताना कंपनीला दरवर्षासाठी इमिग्रेशन स्किल्स चार्ज भरावा लागतो. पण स्टुडंट व्हिसावरून थेट स्किल्ड वर्करवर येणाऱ्यासाठी तो माफ आहे. ग्रॅज्युएट व्हिसावरून येणाऱ्यासाठी माफ नाही. तुझ्या एचआरला हे बहुधा माहीत नसावं. मी स्वतः याच कामात आहे, आणि आमच्याकडेही नवा मॅनेजर आला की पहिल्यांदा "नंतर बघू" असंच म्हणतो. रकमेसकट सांगितलं की सूर बदलतो.

देवरुखकर: चार वर्षांचं पटलं, मी चुकीचं मोजत होतो. मग माझं मत अजूनच पक्कं झालं: थेट जा.

प्रसाद_ग्लासगो: मी याच्या पूर्ण विरुद्ध आहे, आणि ते अनुभवातून बोलतोय. 2023 मध्ये मी स्टुडंटवरून थेट स्किल्ड वर्करवर गेलो. तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं, घड्याळ लवकर सुरू होतं म्हणून. चौदा महिन्यांनी कंपनीचं एक मोठं कंत्राट गेलं आणि आमची अख्खी टीम गेली. इथल्या गृहखात्याचं, म्हणजे होम ऑफिसचं, पत्र आलं की व्हिसा 60 दिवसांवर आणला आहे. साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, मुलाखती द्यायच्या, त्याच्याकडून स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि अर्ज भरायचा. मी 52 व्या दिवशी अर्ज भरला. त्या काळात मी एकही रात्र नीट झोपलो नाही.

माझ्याबरोबर पास झालेली मैत्रीण ग्रॅज्युएट व्हिसावर होती. तिचीही नोकरी त्याच सुमारास गेली. ती तीन महिने घरी बसली, मग एका छोट्या फर्मला लागली, आणि त्यांनीच पुढे तिला स्पॉन्सर केलं. कोणाला काही कळवायचं नाही, कसली मुदत नाही. ग्रॅज्युएट व्हिसावर पगाराची अट नाही, पदाची अट नाही, नोकरी असलीच पाहिजे अशीही अट नाही. स्वतःचं काम काढता येतं. व्यावसायिक खेळाडू तेवढं होता येत नाही. ही मोकळीक नवख्या माणसाला विम्यासारखी आहे.

आणि एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही. ग्रॅज्युएट व्हिसा मागायला तुमचा आधीचा व्हिसा स्टुडंट हवा. एकदा स्किल्ड वर्करवर गेलात की ते दार बंद. उलट, ग्रॅज्युएटवरून स्किल्ड वर्करवर कधीही जाता येतं. ज्या वाटेने परत फिरता येत नाही, ती पहिल्याच नोकरीवर विसंबून धरायची का?

कोल्हापूरची_आई: माझी मुलगी पण तिकडेच आहे. पण आठवड्याला 20 तासच काम करता येतं ना? मग 34,000 कसे मिळणार याला?

शैला_बर्मिंगहॅम: काकू, 20 तासांची मर्यादा शिकत असताना, कॉलेजचं सत्र चालू असताना असते. ग्रॅज्युएट किंवा स्किल्ड वर्करवर पूर्ण वेळ काम करता येतं.

कोल्हापूरची_आई: बरं झालं सांगितलंत. आमचं मत असं, की मोकळीक मिळते तसा वेळही निघून जातो. मुलीने ग्रॅज्युएट व्हिसा घेतला तेव्हा आम्हीही खूश होतो. पहिल्या वर्षी ती दुकानात आणि मग एका गोदामात लागली, कारण भाडं भरायचं होतं. इकडे बँकेचा हप्ता सुरू झाला होता, तो तीच पाठवायची. तिच्या शिक्षणातलं काम शोधायला तिने सुरुवात केली तेव्हा नऊच महिने उरले होते. प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न, "व्हिसा किती दिवसांचा?" हा व्हिसा वाढवून मिळत नाही हे तिथल्या लोकांना माहीत असतं. आता ती परत यायच्या तयारीत आहे. ज्याच्या हातात आज स्पॉन्सरशिप आहे त्याने ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

प्रसाद_ग्लासगो: काकू, तुमच्या मुलीचं वाईट वाटलं. पण याच्या हातात त्याच्या शिक्षणातली नोकरी आहेच. तो ग्रॅज्युएटवर त्याच कंपनीत लागेल, गोदामात नाही.

शैला_बर्मिंगहॅम: प्रसाद, तुझा मुद्दा मी खोडून काढू शकत नाही. 60 दिवसांचं ओझं खरं आहे. पण "नंतर बघू" म्हणणारी कंपनी दोन वर्षांनी स्पॉन्सर करेलच याची काय खात्री? त्या दोन वर्षांत नियम बदलतात. 2025 च्या जुलैमध्ये पदवीच्या पातळीखालची बहुतेक कामं या व्हिसातून वगळली गेली, आणि किती जण मध्येच लटकले ते मी पाहिलंय.

मिरजकर, दोन्हीपैकी काहीही निवड, पण तारखांकडे बघ, कारण तुझ्या बाबतीत एक फास आहे. ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज 31 डिसेंबर 2026 पर्यंत केला तर दोन वर्षं मिळतात. 1 जानेवारी 2027 पासून केलेल्या अर्जाला 18 महिने. फक्त पीएचडीवाल्यांना तीन वर्षं राहतात. अर्ज कोणत्या दिवशी भरला ते मोजतात, कोर्स कधी संपला ते नाही. आणि तुझा स्टुडंट व्हिसा जानेवारीपर्यंत असल्यामुळे तुला वाटेल की अजून वेळ आहे.

अर्ज तुझ्या मर्जीने भरता येत नाही. युनिव्हर्सिटीने होम ऑफिसला "याने कोर्स यशस्वीपणे पूर्ण केला" असं कळवावं लागतं. पदवीचा कागद हातात असायची गरज नाही, पण ते कळवणं हवंच. एमएससीच्या प्रबंधाचा निकाल साधारण नोव्हेंबरात बोर्डापुढे येतो. प्रबंधाला महिन्याची मुदतवाढ मागितलीस किंवा एखादा विषय पुन्हा द्यावा लागला, तर ते जानेवारीत जाईल आणि सहा महिने कमी होतील. म्हणून आजच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचार: होम ऑफिसला कधी कळवता?

सांगली_एक्सप्रेस: घरी यायचा बेत असेल तर तेही सांभाळ. माझ्या बहिणीचं लग्न डिसेंबरात होतं. अर्ज भरताना ब्रिटनमध्ये असावं लागतं आणि निर्णय येईपर्यंत देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मला हे विमानाचं तिकीट काढल्यावर कळलं. तिकीट रद्द केलं आणि लग्न फोनवर पाहिलं. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, यायचं तर तेव्हा, अर्जाच्या आधी ये.

मिरज_ते_लीड्स: हे सगळं मला माहीतच नव्हतं. एक प्रश्न. थेट स्किल्ड वर्कर निवडलं तर कोर्स संपेपर्यंत थांबावं लागेल का? आणि 34,000 नक्की पुरतात ना?

शैला_बर्मिंगहॅम: थांबावं लागत नाही. नोकरी सुरू व्हायची तारीख कोर्स संपल्यानंतरची असली की अर्ज आधी भरता येतो. पगाराचं मात्र नुसतं 33,400 बघून चालत नाही. प्रत्येक पदाला चार आकडी कोड असतो आणि त्या कोडला ठरलेला दर. तुला त्या दराच्या 70 टक्के आणि 33,400, यातली जी रक्कम मोठी असेल ती मिळाली पाहिजे. शिवाय तो दर आठवड्याच्या 37.5 तासांचा आहे. करार 40 तासांचा असेल तर त्या प्रमाणात वाढतो, आणि 34,000 मध्ये नेमकं तेच अडकू शकतं. कंपनीकडून कोड आणि तास लेखी माग, मग सरकारी यादीशी ताडून बघ. कंपनीचं नाव स्पॉन्सरच्या सरकारी यादीत आहे का तेही बघ.

अमरावतीकर: पैसे मागितले तर मात्र तिथेच थांब. माझ्याकडून एका मध्यस्थाने "सर्टिफिकेटचा खर्च" म्हणून रक्कम मागितली होती. स्किल्स चार्ज कंपनीनेच भरायचा असतो, कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अर्धी रक्कम गेली ती गेलीच.

देवरुखकर: कायमच्या वास्तव्याची पाच वर्षं दहा करायचा प्रस्ताव 2025 च्या मे महिन्यात सरकारने मांडला ना? मग लवकर घड्याळ सुरू करण्यात काय उरलं?

शैला_बर्मिंगहॅम: दहा वर्षं झाली तर लवकर सुरू करणाऱ्याचा फायदा संपत नाही, तो दोन वर्षं पुढेच राहतो. पण एवढ्या लांबच्या गोष्टीवर आजचा निर्णय मीही घेणार नाही.

प्रसाद_ग्लासगो: इथे तरी आपलं जमलं. माझं म्हणणं तसंच आहे: पहिलं वर्ष ग्रॅज्युएटवर काढ, कंपनी बघ, कंपनीला तू दिसू देत. स्पॉन्सरशिपची तारीख मात्र ऑफर लेटरमध्ये लिहून घे.

मिरज_ते_लीड्स: एचआरला दोन ओळींचा मेल टाकला. थेट स्पॉन्सर केलं तर स्किल्स चार्ज लागत नाही हे कळवलं, आणि पदाचा कोड व आठवड्याचे तास विचारले. कोड पगारात बसला तर थेट जाईन असं वाटतंय, पण प्रसाददादांच्या 52 व्या दिवसाचं वाचून पोटात गोळा आलाय. नाही बसला तर ग्रॅज्युएट, आणि अर्ज नोव्हेंबरातच. विद्यार्थी कार्यालयाची भेट गुरुवारी ठरली आहे. आईला दिवाळीचं सांगितलंय, लग्नसराईचं नाही.