मदत हवी आहे: पाच पेपर, तीन आठवडे आणि रोजची नोकरी. वेळापत्रक कसं लावू?

रातराणी
इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. पेपर: मॅथ्स-३, सिग्नल्स, कंट्रोल, मायक्रोप्रोसेसर, मॅनेजमेंट, याच क्रमाने. दुपारपर्यंत कॉलेज, ४ ते ९ काम, आठवड्याला एक सुट्टी. प्रत्येक विषयाला चार दिवस आणि शेवटचा दिवस सगळ्यांसाठी, असं ठरवलंय. जमेल का?

जुना भिडू
चार दिवसांत मॅथ्स संपवलंस की परीक्षेपर्यंत सतरा दिवस त्याला हात नाही. तिथेच घात होतो. आधी हातात तास किती ते सांग.

रातराणी
पहाटे दोन, रात्री दीड. सुट्टीला आठ.

जुना भिडू
म्हणजे आठवड्याला २९, एकूण ८७. त्यातले १२ बाजूला ठेव, कारण कामावर एखादा दिवस लांबतोच. उरलेले ७५: मॅथ्स २२, सिग्नल्स १८, कंट्रोल १५, बाकी दोघांना दहा-दहा. पहाटे गणितं. रात्री नवीन काही नको, सकाळचंच एक गणित वही मिटून पुन्हा सोडव.

अक्षांश
एवढं कशाला? मागची पाच वर्षं सोडव, झालं.

जुना भिडू
मॅनेजमेंटला चालेल. मॅथ्सला सोडवलेले पेपर वाचून भागत नाही. 1/(s(s²+4)) चं इन्व्हर्स लाप्लास वाचताना सोपं वाटतं. कोऱ्या कागदावर मात्र पार्शल फ्रॅक्शनलाच हात थांबतो. (1−cos 2t)/4 आलं तर t=0 टाकून शून्य येतं का बघायचं. जिथे अडलीस ती पायरी वहीच्या मागे लिही. दुसऱ्या आठवड्यात फक्त तेवढंच.

निशाचर
माझी नाईट शिफ्ट आहे, दिवसा झोप लागत नाही. मी काय करू?

अक्षांश
तिची नाईट शिफ्ट नाहीये, ती ९ ला सुटते. तुम्ही वेगळा धागा काढा ना.

रातराणी
दादा, सुट्टीच्या तीन दिवसांचं काय?

जुना भिडू
गणितांचे तीन विषय, तीन सुट्ट्या. प्रत्येक सुट्टीला घड्याळ लावून एक अख्खा पेपर. पहिल्याच सुट्टीला मॅथ्स दे.

रातराणी
पण तेव्हा उजळणी झालेलीच नसेल.

जुना भिडू
म्हणूनच. मार्क कुठे गळतात ते आधी कळलं तर २२ तास कुठे घालायचे ते ठरेल. शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग नाही.

रातराणी
काल मॅथ्सचा पेपर दिला. लाप्लास बरं गेलं. फूरियर सिरीजमध्ये सम-विषम फंक्शन न ओळखता सगळे इंटिग्रल करत बसले, त्यात पाऊण तास गेला. तास बदलून घेतले. एकच अडचण उरलीये: सिग्नल्स आणि कंट्रोल लागोपाठच्या दिवशी आहेत आणि मधल्या संध्याकाळी कामाला सुट्टी मिळत नाहीये. त्या रात्री दीड तासात कंट्रोलचं काय बघू?

अक्षांश
रूट लोकस.

जुना भिडू
मी राउथ टेबल म्हणेन, तिथे चिन्हं चुकतात. पण तुझ्या वहीच्या मागे काय जमलंय ते बघून ठरव.