मदत हवी आहे: आगळ, मसाला आणि आंबापोळी एका फोटोत मावतच नाहीत, एक तरी झाकलं जातं

वेतोबाची_वाट (वेंगुर्ला):
तीन वस्तूंचा कॉम्बो लावायचाय. कोकम आगळाची बाटली, मालवणी मसाला आणि आंबापोळी. तिन्हींचे वेगवेगळे कटआउट पांढऱ्यावर काढून तयार आहेत. उंच म्हणून बाटली मध्ये मागे ठेवली, डावीकडे मसाला, उजवीकडे पोळी. बाटलीवरचं फक्त "म आ" एवढंच वाचता येतं. सगळ्यांना लांब लांब ठेवलं तर चित्र इतकं बारीक होतं की काय विकतोय तेच कळत नाही. मसाल्याचं पाकीट लहान करून बघितलं, तर ते शेजारच्या दुकानातल्या पाच रुपयांच्या पुडीसारखं दिसतं. गणपतीच्या आधी हे लागायलाच हवं. कसं मांडू ते नेमकं सांगा.

दापोली_कुरिअर:
बाटली कधीही मध्ये ठेवू नका. तीन पदरी खोका घ्या, बाटलीला बबल रॅपचे दोन वेढे आणि झाकणावर टेप. आगळात मीठ असतं, पत्र्याचं झाकण असेल तर ते गंजतं, म्हणून प्लास्टिकचं घ्या. पोळी तळाशी आडवी ठेवा, वर मसाला. आमचा एकही डाग आजपर्यंत फुटला नाही.

वेतोबाची_वाट:
खोक्याचं नाही हो विचारलं. फोटो! ऑनलाइन दुकानाचा मुख्य फोटो.

चिपळूण_स्टुडिओ:
ताई, मापं द्या. उंची-रुंदी सेंटीमीटरमध्ये, लेबलवर नाव कुठून कुठपर्यंत आहे ते, आणि फोटो कुठल्या साइटवर जाणार तेही. याशिवाय सांगितलेलं सगळं हवेतलं होईल.

माड_आणि_माडी:
उंच मागे आणि बुटकं पुढे, हा नियमच आहे. शाळेचा ग्रुप फोटो तसाच काढतात. माका वाटता बाटली मागेच बरी. पोळी आणि मसाला खाली सरकवा, झालं काम.

वेतोबाची_वाट:
बाटली 27 उंच, 7.5 रुंद. लेबल तळापासून 5 ते 14 सेंमी, बाटलीला गुंडाळलेलं. मसाल्याचं उभं पाकीट 20 बाय 13, त्याची कडेची शिवण सेंटीमीटरभर कोरी आहे. नाव वरच्या बाजूला, तळापासून साडेसोळाच्या वर, डाव्या कडेपासून दोन सेंमी सोडून सुरू होतं. आंबापोळीचं पाकीट 16 बाय 11, नाव मधोमध. अमेझॉनवर जाणार आहे. आगळ गडद लाल, मसाल्याचं पाकीटही लाल, पोळीचं पिवळं. अजून काय हवं?

चिपळूण_स्टुडिओ:
आता बोलता येईल. मुख्य फोटोला तिथे शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, तिन्ही रंगांचे आकडे 255, आणि वस्तूने चौकटीचा साधारण 85 टक्के भाग व्यापायला हवा. 2000 बाय 2000 पिक्सेलचा कॅनव्हास घेतला की त्यातले 1700 तुमचे. सगळ्यात उंच बाटली 1700 ला बसवली तर एका सेंटीमीटरला 63 पिक्सेल येतात. याच मापाने मसाला 819 रुंद, पोळी 693, बाटली 472. बेरीज 1984. म्हणजे काहीही न झाकता मांडलं तर 284 पिक्सेल जादा होतात. ते कमी करायला कुठलीही वस्तू लहान करायची नाही, कारण ग्राहकाच्या हातात खरी मापं पडणार आहेत. हे 284 दोन सांध्यांवर वाटून घ्यायचे.

आता मागे-पुढे कोण. माड-माडीसाहेबांचा नियम माणसांना चालतो, कारण माणसाचा चेहरा वर असतो. आगळाच्या बाटलीचं नाव खाली आहे आणि वर नुसती मान. ती मागे गेली की तिचं नाव बुडणारच. तुमच्या मांडणीत मसाला आणि पोळी यांच्यामध्ये 188 पिक्सेलची फट उरते आणि त्यातून 472 रुंदीची बाटली डोकावते. म्हणून "म आ". मागे तीच वस्तू जाते जिचं नाव वर आहे. इथे ती मसाला.

मसाला मध्ये मागे. बाटली पुढे डावीकडे, पोळी पुढे उजवीकडे. डाव्या सांध्यावर 102 पिक्सेल झाका, उजव्यावर 182. डावीकडे 102 म्हणजे दीड सेंटीमीटरच्या थोडं वर, त्यातला एक सेंटीमीटर कोरी शिवणच आहे, आणि नाव दोन सेंमीवर सुरू होतं, त्यामुळे अक्षराला हात लागत नाही. उजवीकडे जास्त झाकलं तरी चालतं, कारण पोळी 16 सेंमीच उंच आहे आणि नाव त्याच्या वर आहे.

माड_आणि_माडी:
पण मग बाटलीचं काय, तिची अर्धी बाजू मसाल्याला चिकटली तर काचेतून मागचं दिसायला नको का? कटआउटमध्ये ते खोटं वाटेल.

चिपळूण_स्टुडिओ:
प्रश्न बरोबर आहे, रिकाम्या काचेला ते लागू पडतं. इथे आगळ इतका गडद असतो की त्यातून मागचं काही दिसत नाही, आणि जिथे काच रिकामी आहे ती मान अरुंद असल्याने मसाल्यापर्यंत पोचतच नाही. कोकम सरबताची पातळ, लालसर बाटली असती तर मी तिन्ही एकत्र ठेवूनच फोटो काढायला सांगितलं असतं.

देवगड_हापूसवाला:
आंबापोळी हापूसची आहे ना? मग फोटोवर जीआयचं चिन्ह टाका. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय, रत्नागिरी-सिंधुदुर्गासकट पाच जिल्ह्यांना. गिऱ्हाईक ते बघतं. मी माझ्या पेट्यांवर टाकतो आणि त्याचा फरक पडतो.

चिपळूण_स्टुडिओ:
मुख्य फोटोवर वेगळं चिन्ह किंवा मजकूर चिकटवता येत नाही, पाकिटावर छापलेलं असेल तेवढंच चालतं. आणि ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. पेटीची गोष्ट वेगळी, पोळीची वेगळी.

देवगड_हापूसवाला:
नोंद आहे माझी. मी फक्त सुचवलं.

वेतोबाची_वाट:
मांडून बघितलं. नावं तिन्ही दिसतात, खरंच! पण तिघं एका रेषेत चिकटवल्यासारखी वाटतात, आणि बाटली नि मसाला यांचा लाल एकमेकांत मिसळतोय. पांढरी किनार टाकू का?

चिपळूण_स्टुडिओ:
पांढरी किनार नको, लहान मुलांच्या स्टिकरसारखं दिसतं. दोन गोष्टी करा. मागची वस्तू जमिनीवर मागे असते म्हणून तिचा तळ आपल्याला थोडा वर दिसतो. मसाल्याचा थर 40 पिक्सेल वर उचला. नाव पोळीपासून आणखी दूर जाईल, तो फायदाच. दुसरं, बाटलीच्या थराखाली, मसाल्याच्या थरावरच पडेल अशी मऊ सावली टाका. बाटलीच्या उजव्या कडेला, 30 पिक्सेल पसरट, फार गडद नाही. उजेड तिन्ही फोटोंत एकाच बाजूने आलाय ना ते आधी बघा. बाटलीवरची चमक डावीकडे आणि पोळीची उजवीकडे असेल तर सावली कुठेही टाका, डोळा ते पकडतो.

सातपाटी_सुमन:
मला वाटतं तुम्ही रंगाकडे दुर्लक्ष करताय. लाल-लाल शेजारी ठेवण्यापेक्षा पिवळी पोळी मध्ये घ्या, दोन्ही लाल दोन टोकांना. मी लोणच्याच्या तीन बरण्यांचं असंच करते, दुरूनही तीन वेगळ्या दिसतात.

चिपळूण_स्टुडिओ:
बरण्या एकाच उंचीच्या असतात, तिथे रंगाने ठरवणं योग्य. इथे पोळी सगळ्यात बुटकी. ती मागे गेली तर तिचं नाव झाकलं जाईल, आणि पुढे मध्ये आली तर डावीकडे बाटलीच्या लेबलावर किंवा उजवीकडे मसाल्यावर चढेल.

सातपाटी_सुमन:
मसाल्याच्या खालच्या भागावर चढली तर काय बिघडलं? नाव तर वर आहे.

चिपळूण_स्टुडिओ:
सगळा जादा भाग मसाल्यावर टाकून बाटली मोकळी ठेवली तर तुमचंही जमतं, पण 284 पिक्सेल एकाच बाजूला जातील. म्हणजे साडेचार सेंटीमीटर, तेरापैकी. मसाल्याचं पाकीट तिरपं कापल्यासारखं दिसेल. दोन्ही करून बघा, ताई, आणि बाजूबाजूला ठेवा.

वेतोबाची_वाट:
कुठली बरी ते ठरवायचं कसं? मला दोन्ही आवडतात.

चिपळूण_स्टुडिओ:
चित्र 160 पिक्सेलवर आणा, मोबाइलवरच्या यादीत साधारण तेवढंच दिसतं. मग आगळाच्या लेबलावरची सेंटीमीटरभर अक्षरं जेमतेम पाच पिक्सेलची होतात. त्या मापावर कोणी वाचत नाही, आकार ओळखतं. बाटलीची मान नि झाकण, मसाल्याच्या पाकिटाचा वरचा कोपरा, पोळीचा बाहेरचा कोपरा, हे तिन्ही पांढऱ्यावर मोकळे दिसायला हवेत. पहिल्या मांडणीत बाटलीच्या मानेशेजारी मसाल्याचा डावा कोपरा थोडा सुटतो, कारण बाटली खांद्यापाशी निमुळती होते. तो कोपरा गेला की मसाला म्हणजे बाटलीमागचा लाल ठिपका. मग घरातल्या कुणाला तरी, ज्यांनी हे काम बघितलं नाही, त्यांना दोन सेकंद दाखवा आणि विचारा किती वस्तू आहेत. "दोन" म्हणाले तर मांडणी नापास.

माड_आणि_माडी:
पण वजन? मसाल्यावर "200 ग्रॅम" उजव्या खालच्या कोपऱ्यात असतं. पोळी त्यावरच बसतेय.

वेतोबाची_वाट:
हो, तिथेच आहे. आता?

चिपळूण_स्टुडिओ:
मुख्य फोटोत ओळख पटली तरी पुरे. वजन शीर्षकात लिहा, आणि दुसऱ्या फोटोत तिन्ही पाकिटं सुटी, एकमेकांना न शिवता, तिथे वजन दिसू द्या. तिसऱ्यात लेबलची मागची बाजू.

माड_आणि_माडी:
मी तरी ते झाकणार नाही. गिऱ्हाईक फोटो मोठा करून बघतं आणि वजन सापडलं नाही की शंका घेतं. पोळी 60 पिक्सेल उजवीकडे न्या आणि सगळं किंचित लहान करा.

चिपळूण_स्टुडिओ:
मग चौकट भरत नाही. तुम्हीच ठरवा कोणता तोटा परवडतो.

वेतोबाची_वाट:
जाऊबाईंना दाखवलं. पहिल्या मांडणीत तिन्ही सांगितल्या, सुमनताईंच्या मांडणीत "बाटली आणि पिवळं काहीतरी" म्हणाल्या. मसाला मागे ठेवतेय, वजन दुसऱ्या फोटोत. बाटलीवरची खिडकीची चमक मात्र अजून लेबलच्या "ग"वर पडतेय. तो एक कटआउट पुन्हा काढावा लागणार. ट्यूबलाइटच्या उजेडात काढू की ओट्याजवळ सकाळी?

दापोली_कुरिअर:
सकाळी, पण उन्हात नको. खिडकीला पांढरी साडी लावा, नीट ताणून.