मदत हवी आहे: दोन प्यादी जास्त, उंट विरुद्ध रंगांचे, तरी बरोबरी. हे आधी कसं ओळखायचं?

तिरकीचाल

गेल्या आठवड्यात ऑनलाइन खेळलेला एक डाव अजून डोक्यातून जात नाहीये. शेवटी पटावर माझा राजा, उंट आणि मधली दोन जोडप्यादी उरली होती. समोरच्याकडे फक्त राजा आणि उंट. माझा उंट काळ्या घरांचा, त्याचा पांढऱ्या घरांचा. स्थिती अशी (पांढरी मोहरी माझी, चाल माझी):

```
8/4kb2/8/3PP3/3K4/4B3/8/8 w - - 0 1
```

मी d6+ खेळलो. त्याचा राजा d7 वर गेला आणि तिथून हललाच नाही. उंट e6 च्या आसपास फिरत राहिला. मी वीसेक चाली इकडून तिकडून राजा फिरवून पाहिला, शेवटी बरोबरी मान्य केली.

मला वाटलं d6 हीच घोडचूक. म्हणून घरी टेबलबेसमध्ये ही स्थिती टाकली, तर d6 च्या आधीसुद्धा बरोबरीच. मग सहज गंमत म्हणून समोरच्याचा उंट f7 वरून उचलून d7 वर ठेवला, बाकी सगळं तसंच. आता उत्तर: पांढरा जिंकतो!

दोन्हीकडून तो उंट e6 वर नजर ठेवून आहे. मग दोन घरं इकडेतिकडे झाल्याने एवढा फरक का पडावा? टेबलबेस निकाल सांगतो, कारण सांगत नाही. पटावर बसलेलं असताना हे कशावरून ओळखायचं, एवढंच मला समजून घ्यायचं आहे.

गढीवाला

विरुद्ध रंगांचे उंट म्हणजे बरोबरी, हे ठरलेलं आहे. एक प्यादं जास्त असो की दोन. तुमचा उंट ज्या घरांवर हात ठेवू शकत नाही, त्या घरांवर समोरचा राजा ठाण मांडून बसतो. उगाच वीस चाली खेळण्यापेक्षा आधीच हात मिळवायचा.

तिरकीचाल

पण d7 वर उंट असताना जिंकता येतं ना? मग "ठरलेलं आहे" कसं म्हणायचं?

कोपरा_h8

माझ्याबाबतीतही अगदी हेच झालं होतं. माझ्याकडे उंट आणि h चं प्यादं, समोर नुसता राजा. तो h8 च्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि माझा उंट पांढऱ्या घरांचा, त्यामुळे कोपऱ्यातून हुसकताच येईना. त्यामुळे उंटाचा रंग आधी बघा, एवढंच सांगेन.

मंदगती

कोपरा_h8, तुमचं म्हणणं खरं आहे, पण तो वेगळा प्रकार आहे. तिथे समोर उंटच नाही, आणि अडचण कडेच्या प्याद्याची आहे. इथे प्यादी मधली आहेत. एक प्यादं जरी तुटक वाचलं आणि समोरचा उंट गेला, तरी तिरकीचाल जिंकतील.

आता मूळ प्रश्न. तिरकीचाल, आधी एक साधी गोष्ट बघा. तुमचं d5 चं प्यादं पांढऱ्या घरावर आहे, e5 चं काळ्या. तुमचा उंट काळ्या घरांचा. पुढे सरकताना तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. d6 खेळलात तर दोन्ही प्यादी काळ्या घरांवर येतात, म्हणजे तुमच्याच उंटाच्या रंगावर. मग त्यांच्या पुढची पांढरी घरं कोणीच सांभाळत नाही आणि समोरचा राजा नि उंट तिथे कायमचे बसतात. तुमच्या डावात हेच झालं. e6 खेळलात तर दोन्ही प्यादी पांढऱ्या घरांवर, आणि पुढचं d6 हे घर तुमच्या उंटाच्या ताब्यात. म्हणून तुम्हाला e6 हवंय, आणि समोरच्याला ते होऊ द्यायचं नाहीये. सगळा झगडा या एका चालीचा आहे.

मग प्रश्न असा की e6 झालं तर तो काय करेल? तो उंट देऊन ते प्यादं खाईल, तुम्ही dxe6 खेळाल, आणि त्याचा राजा जवळ असेल तर तो दुसरंही खाईल. नुसत्या उंटाने मात होत नाही. म्हणून तुम्हाला आधी शह देऊन त्याचा राजा हटवावा लागतो आणि तुमचा राजा e6 च्या मदतीला न्यावा लागतो.

आता उंट d7 वर असलेली स्थिती घ्या:

```
8/3bk3/8/3PP3/3K4/4B3/8/8 w - - 0 1
```

Bg5+ द्या. राजाला जायला जागा कुठे आहे? d8 तुमच्या उंटाच्याच रेषेवर, d6 आणि e6 प्याद्यांच्या ताब्यात, आणि d7 वर त्याचाच उंट बसलाय! म्हणजे त्याला e8 किंवा f च्या बाजूलाच जावं लागतं. समजा Kf7. आता Kc5, आणि पुढे Kd6. त्याचा राजा एका बाजूला, तुमचा दुसऱ्या बाजूला. तो 2...Ba4 3.Kd6 Bb3 असं करून d5 वर मारा करेल, पण 4.e6+ Ke8 झालं की तुम्ही शांतपणे 5.Ke5 खेळायचं. राजा दोन्ही प्याद्यांना धरून आहे, आणि पुढे d6. इथे घाईने e7 ढकलू नका, कारण मग d6 नंतर प्यादी पुन्हा काळ्या घरांवर जमतात. d6 आणि e6 अशी जोडी उभी राहिली की तुमचा राजा फिरून c7 ला जातो आणि d7 ढकलतो. मधे त्याच्या उंटाने d7 वरची नजर काढली तर लगेच d7.

उंट f7 वर असेल तर Bg5+ ला Kd7 आहे, कारण ते घर मोकळं आहे. पण खरं कारण दुसरं आहे. f7 वरचा उंट e6 च्या पलीकडे d5 लाही धरून आहे. म्हणजे तुमचा राजा d5 च्या राखणीला बांधला गेला. तो f6 कडे निघाला की Bxd5. आणि राजा नसताना e6+ केलंत तर Bxe6, dxe6+ Kxe6, पटावर तुमचा एकटा उंट.

म्हणून पटावर मी एवढंच बघतो: समोरचा उंट फक्त वाट अडवतोय, की वाट अडवताना एका प्याद्याला टोचतही आहे? टोचत असेल तर माझा राजा मोकळा नाही.

तिरकीचाल

मंदगती, मनापासून आभार. "राजा बांधला गेला" वाचलं आणि अख्खा डाव डोळ्यांपुढे आला. मी त्या वीस चालींत राजा f बाजूला न्यायचा विचार करत होतो, पण तोवर d6 होऊन गेलं होतं.

एक शंका: f7 च्या स्थितीत Bg5+ ला त्याने Kd7 ऐवजी Ke8 केलं असतं तर?

मंदगती

मग लगेच e6! त्याने खाल्लं तर dxe6, आणि e7 वर तुमच्या उंटाचा ताबा, त्याचा राजा प्याद्याला हात लावू शकत नाही. उंट आणि मधलं प्यादं, सोपा विजय. खाल्लं नाही आणि उंट मागे घेतला तर Ke5 आणि d6. Kf8 केलं तरी e6 च. तिथे वाचवणाऱ्याकडे एकच बरोबर चाल आहे, आणि ती e6 च्या जवळ राहणारी.

अंतरमाप

मी शिकलो ते असं: प्यादी जोडीने असण्यापेक्षा लांब असलेली बरी. दोघांच्या मधे एक स्तंभ असेल तर बहुधा बरोबरी, दोन किंवा जास्त असतील तर विजय. मला वाटतं हा नियम लक्षात ठेवला की काम झालं, एवढं खोलात जायची गरज नाही.

मंदगती

अंतरमाप, अंदाज बांधायला हा नियम उपयोगी आहे, मीही वापरतो. पण अंतर हे कारण नाही. लांबच्या प्याद्यांना राजा आणि उंट असे दोन राखणदार वेगवेगळे उभे करावे लागतात, म्हणून ते जड जातं. पण उंट एकाच तिरक्या रेषेवरून दोन्ही प्यादी अडवत असेल तर अंतर असूनही काही होत नाही. आणि अंतर असलं तरी जिंकणाऱ्याचा राजा वेळेवर पोचायला लागतो.

1998 चा लिनारेसचा तोपालोव विरुद्ध शिरोव हा डाव बघा. शिरोवकडे काळी मोहरी, दोन प्यादी जास्त, a आणि d स्तंभांवर मोकळी प्यादी. तुमच्या नियमाने सरळ विजय. पण त्याच्या राजाला जायचं होतं ते f5 घर त्याच्याच उंटाने अडवलेलं, आणि तोपालोवचा राजा मधे येऊन बसायच्या बेतात. शिरोवने Bh3 खेळून उंटच देऊन टाकला, फक्त एक चाल वाचवायला. मग Kf5, Ke4, आणि राजा प्याद्यांपाशी पोचला. ती चाल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी पटावरून उठूच शकलो नव्हतो.

अंतरमाप

म्हणजे नियम चुकीचा नाही, अपवाद आहेत असंच ना? स्पर्धेत घड्याळात दोन मिनिटं उरलेली असताना मी तर स्तंभच मोजणार.

मंदगती

मोजा, पण मोजून झाल्यावर त्याचा राजा एकट्याने कोणतं प्यादं धरतोय आणि उंट कोणतं, हे एकदा बघा. त्याला दोन मिनिटं लागत नाहीत.

गढीवाला

d7 ची ओळ मी पटावर लावून बघितली. Bg5+ नंतर राजा खरंच अडकतो. मी आजवर अशा किती स्थितींत बरोबरी दिली असेन कोण जाणे. पण प्यादी दोन्ही उंटाच्याच रंगावर अडकलेली असतील तर माझं म्हणणं लागू आहे, हे मान्य करा.

मंदगती

तिथे शंभर टक्के लागू आहे.

तिरकीचाल

काल भावाला समोर बसवून f7 ची स्थिती मी वाचवणाऱ्याच्या बाजूने खेळलो. Bg5+ Kd7 नंतर तो नुसता राजा हलवत बसला, आणि मलाही काहीतरी खेळायलाच हवं होतं. मी उंट h5 ला नेला आणि हरलो. e6+ Kd6, Bf4+ Ke7, Ke5, पुढे d6+ थांबवता आलं नाही. दुसऱ्या वेळी फक्त f7 आणि g8 अशा दोनच घरांत उंट नाचवला. g8 वरूनही e6 आणि d5 दोन्ही रेषेत येतात. त्याने अर्धा तास प्रयत्न केले, काही निघालं नाही.

आता पुढचं कुतूहल: हीच जोडी a आणि b स्तंभांवर असेल तर? तिथे माझ्या राजाला एका बाजूने फिरून जायला जागाच नाही. माझ्या मते वाचवणाऱ्याचं काम सोपं होतं. भाऊ म्हणतो, त्याच्या राजालाही पळायला एकच बाजू उरते, त्यामुळे उलट शह जास्त बोचतो. आम्ही दोघं अजून भांडतोय. कोणी अशी स्थिती प्रत्यक्ष खेळली असेल तर इथे टाका, पटावर लावून बघतो.