चर्चा: कचेरीच्या पत्रात फ्रेंच मॅडमना नमस्कार किती वाकून घालावा?

पत्रप्रेमी: फ्रेंच लोक आपल्यापेक्षा जास्त लवून पत्र लिहितात. 'माझ्या आदरभावना स्वीकाराव्यात' अशा थाटाचं त्यांचं शेवटचं वाक्यच दोन ओळींचं असतं. मग आपला मराठी आदर जसाच्या तसा उतरवायला संकोच कसला? वर 'आदरणीय', मध्ये 'नम्र विनंती', 'अमूल्य मार्गदर्शन', खाली त्यांचं सर्वात लांब वाक्य. साहेब खूश होतो, हा माझा अनुभव.

दुभाषी_काकू: हा सल्ला वाचून कुणीतरी उद्या खरंच तसं पत्र पाठवेल, म्हणून सविस्तर लिहिते. साहेब खूश होतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? साहेबानेच ना?

मागे माझ्याकडे तपासायला आलेलं एक पत्र घ्या. नकाशांना मंजुरी हवी होती, ती अडकली होती, ग्राहक कंपनीच्या संचालिका बाईंना आठवण करायची होती. मराठी मसुदा असा: "आदरणीय मॅडम, आपल्या व्यस्त दिनक्रमातून वेळात वेळ काढून नकाशांवर कृपादृष्टी टाकावी ही नम्र विनंती. आपल्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय आम्ही पुढे जाऊ शकत नाही. तसदीबद्दल क्षमस्व." मराठीत यात काही वावगं नाही, रोजचंच आहे. पठ्ठ्याने ते शब्दशः फ्रेंचमध्ये नेलं होतं.

आता तिकडच्या डोळ्यांनी वाचा. 'वेळात वेळ काढून' हा टोमणा वाटतो, म्हणजे बाई कामाला वेळ देत नाहीत. 'अमूल्य मार्गदर्शनाशिवाय' म्हणजे यांना स्वतःचं काम येत नाही. क्षमा मागितली म्हणजे काहीतरी चुकलंय, आणि बाई चूक शोधायला लागतात. 'रेस्पेक्ते मसिय' किंवा 'रेस्पेक्ते मादाम' असा मायना तर फ्रेंचमध्ये नाहीच, तो आपल्याकडच्या इंग्रजीतून आलेला.

मी पाठवलं ते असं. मायना 'मादाम ला दिरेक्ट्रिस', म्हणजे संचालिका बाई, पुढे आडनाव नाही. मग 'झ म पेर्मे द रव्हनीर व्हेर व्हू', म्हणजे पुन्हा लिहिण्याची मुभा घेतो. मग 'सोफ एरर द मा पार', माझी चूक नसेल तर, मंजुरी अजून पोचलेली नाही. मग सरळ तारीख: २० तारखेच्या आत मिळाली तर कारखान्यात काम सुरू करता येईल. शेवटी 'पुरिए-व्हू', सांगू शकाल का, ही तारीख जमेल का. खाली लांब वाक्य, आणि त्यात 'मादाम ला दिरेक्ट्रिस' हा मायना जसाच्या तसा पुन्हा.

आदर कुठे गेला म्हणाल तर तो दोन टोकांना आहे आणि क्रियापदाच्या संकेतार्थी रूपात आहे. पत्राचं पोट कोरडं. आपल्याकडे 'तुम्ही'च्या वर 'आपण' आहे, त्यांच्याकडे 'व्हू'च्या वर काही नाही. ती वरची पायरी मिळत नाही म्हणून आपण विशेषणं ओततो, आणि तिथेच ती खुशामत होते.

तिरकस: म्हणजे टोकाला लोटांगण चालतं, पोटात चालत नाही. धन्य ती सभ्यता. आजकाल सगळे खाली 'कॉर्दियालमाँ', म्हणजे नुसतं 'स्नेहपूर्वक', लिहून मोकळे होतात, काकू. ही दोन ओळींची आरती आता फक्त शिकवणीच्या वर्गात उरली आहे.

दुभाषी_काकू: रोजच्या ईमेलपुरतं तुमचं खरं आहे, घ्या. पण पहिलंच पत्र, वरच्या पदाला, किंवा नोकरीचा अर्ज असेल तर नुसतं 'कॉर्दियालमाँ' कोरडं पडतं. आणि लांब वाक्याला लोटांगण म्हणू नका. ते लिहिणारा आणि वाचणारा दोघेही ते वाचत नाहीत. चुकलं तरच दिसतं. 'उत्तराच्या प्रतीक्षेत' अशी सुरुवात केली तर पुढे 'झ व्हू प्री दाग्रेए', म्हणजे 'स्वीकारावं अशी मी विनंती करतो', हवं, कारण प्रतीक्षा 'मी' करतोय. तिथे 'व्हय्ये आग्रेए', म्हणजे 'आपण स्वीकारावं', टाकलं की वाट बाईच बघतायत असं होतं. फ्रेंच माणसंही सर्रास चुकतात, पण परक्याची चूक मोजली जाते.

बोरूबहाद्दर: मुख्य गोष्ट राहिली. 'बियाँ व्हुल्वार' आणि 'व्हुल्वार बियाँ', दोन्हींचा अर्थ 'कृपया करावं' असाच, फक्त शब्दांचा क्रम उलटा. खालच्याने वरच्याला विनंती करताना पहिलं, वरच्याने खालच्याला हुकूम देताना दुसरं. उलटं लिहिलंत तर संचालिकेला आज्ञा केलीत. आमच्या सरांनी हे डोक्यात ठोकलं होतं.

दुभाषी_काकू: ती सरकारी आणि लष्करी पत्रव्यवहारातली परंपरा आहे. व्याकरणकारांचंही त्यावर एकमत नाही. खाजगी कंपनीत कोणी तो फरक धरून बसत नाही.

बोरूबहाद्दर: 'धरून बसत नाही' आणि 'नाही' यात फरक आहे. मंत्रालयातल्या माणसाला लिहून बघा.

दुभाषी_काकू: मंत्रालयाचा विषय कोणी काढला? प्रश्न कचेरीतल्या साहेबाचा आहे. तुमच्या सरांनी शिकवलं म्हणून ते जगभर लागू होत नाही.

बोरूबहाद्दर: सरांवर जाऊ नका. 'बियाँ व्हुल्वार' लिहिल्याने कुणाचा अपमान होत नाही ना? मग शंका असेल तिथे तेच लिहावं.

दुभाषी_काकू: हे आधी म्हणाला असतात तर वाद झालाच नसता. खालून वर लिहिताना तेच लिहा. झालं समाधान?

पेठेतला_पांडू: तुम्ही शब्दांच्या जागा मोजताय, आणि मला 'आज्ञाधारक' खुपतंय. इंग्रजांचं राज्य संपलं तरी त्यांचा 'आज्ञाधारक सेवक' आपण सोडला नाही.

बोरूबहाद्दर: सगळं इंग्रजांवर ढकलू नका. पेशवाईतल्या पत्रांत 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती उपरि' काय लंडनहून आलं होतं?

पेठेतला_पांडू: साष्टांग नमस्कार माणसाला असतो, 'आज्ञाधारक' खुर्चीला. तुम्हाला नाही कळायचं.

डाकारवाली: मी पश्चिम आफ्रिकेतल्या कचेरीत होते. तिथे अर्जात 'व्होत्र ओत बियाँव्हेयाँस', आपली थोर कृपा, बिनदिक्कत लिहायचे. मीही तेच शिकले. पुढे पॅरिसच्या एका कंपनीत पाठवलं तर तिथली सहकारी म्हणाली, राष्ट्रपतींकडे माफी मागतेयस का? तेव्हा 'फ्रेंच लोक' म्हणताना कुठले ते सांगा. सगळं फ्रान्स नसतं.

पत्रप्रेमी: बघा, म्हणजे कुठेतरी चालतंच. मी तेच म्हणत होतो.

तिरकस: होय, तुमचा सल्ला बरोबर, फक्त पत्ता चुकला.

नवखी: सगळं वाचलं. माझ्या संचालिकेने उत्तरात 'बाँझूर' आणि माझं पहिलं नाव लिहिलंय, पण पुढे 'व्हू'च वापरलंय. आता मीही तिचं पहिलं नाव घ्यायचं का?

दुभाषी_काकू: तिने खाली सही नुसत्या पहिल्या नावाने केली असेल तर घे, 'व्हू' मात्र ठेव. पूर्ण नाव आणि पद असेल तर अजून एकदा 'मादाम' लिहून बघ.

तिरकस: तिने दार उघडल्यावर उंबऱ्यात उभं राहायचं? त्याला ती आदर नाही, हट्ट म्हणेल.

नवखी: सही आपोआप येते हो, त्यात नाव, पद, फोन सगळंच आहे.