‘इंटरेस्ट’ला हिंदीत काय म्हणाल?

जळगावकर: शनिवारी हिंदीत पाच मिनिटांचं स्टँडअप आहे. एक जुना इंग्रजी विनोद घेतलाय: ‘आय यूज्ड टु बी अ बँकर, बट आय लॉस्ट इंटरेस्ट.’ व्याज आणि गोडी, दोन्ही सांभाळणारा हिंदी शब्द हवाय. ‘दिलचस्पी’ म्हटलं की बँक जाते, ‘ब्याज’ म्हटलं की मन जातं.

सावदेकर: ‘इंटरेस्ट’च ठेवा. सगळ्यांना कळतं.

अमळनेरची: कळतं, पण ‘इंटरेस्ट नहीं रहा’ ऐकून मनातला इंटरेस्टच आठवतो. बँकेतल्याला लोक ब्याज म्हणतात. श्रोता जोड लावेपर्यंत हशाची वेळ निघून जाते. मुळात हा विनोद व्याजावर चालतच नाही. नोकरी सोडण्याचं कारण बँकेच्याच शब्दातून निघतं, त्यावर चालतो. मग काउंटरवरचे बाकीचे शब्द चाळा: खाता, पासबुक, निकासी, जमा. ‘बैंक में नौकरी की, पर कुछ जमा नहीं.’ हिंदीत पैसा ‘जमा’ आणि न जमलेलं ‘जमा नहीं’, रूप एकच. मराठीत ‘जमलं नाही’ आणि ‘जमा झालं नाही’ वेगळे पडतात, म्हणून आपल्याला हे पटकन सुचत नाही.

जळगावकर: भारीच, ताई. पण आधी गोडी होती आणि मग उडाली, ते यात गेलं की.

अमळनेरची: गेलं खरं. मला चालेल, तुम्हाला खटकत असेल तर तो विनोद सोडा.

जळगावकर: दुसरा बघा. घरमालक म्हणतो, हीटिंगचं बिल फार येतंय, बोलायचंय. भाडेकरू म्हणतो, या की, माझं दार कायम उघडंच असतं.

सावदेकर: भुसावळच्या उन्हात हीटर? कूलर घाला!

अमळनेरची: कूलर नको, भाऊ. त्याची दमट हवा बाहेर जायला दार-खिडकी उघडीच लागते, म्हणजे भाडेकरू शहाणाच ठरला. एसी घाला. आणि आपल्याकडे भाडेकरूचा सबमीटर वेगळा असतो, मग मालकाला बिलाचं काय पडलंय? म्हणून पीजीचा मालक घ्या, जिथे लाइट बिल भाड्यातच असतं. शेवटच्या वाक्याला मात्र हात लावू नका: ‘आइए ना, मेरे दरवाज़े तो हमेशा खुले हैं.’ पाहुणचाराचं हे बोलणं हिंदीत आधीपासून आहेच. फक्त हशा ‘खुले’वर येतो, त्यामुळे ‘हैं’ त्याच्या आड येतं. ते गिळून बघा.

पारोळेकर: पीजीवाला जास्त बिल मागत असेल तर आधी मीटरच्या रीडिंगचा फोटो मागा. माझ्या भाच्याला असंच फसवलं होतं.

सावदेकर: अहो, विनोद चाललाय!

पारोळेकर: मग हिंदी कशाला? अहिराणीमा कर ना भो.

जळगावकर: ‘हैं’ गिळून म्हणून बघितलं, बरं वाटतंय. ‘जमा’चं अजून ठरत नाहीये.